एसएमपीएसचा पंखा वर की खाली? कॅबिनेटच्या तळातली हवा आणि डस्ट फिल्टरची जागा

नवा संगणक जोडताना त्याला वीज पुरवणारा एसएमपीएस हातात घेतला की तो दोन्ही बाजूंनी बसतो असं दिसतं. बऱ्याच कॅबिनेटमध्ये पंख्याची बाजू वर ठेवली तरी स्क्रू लागतात, खाली ठेवली तरी लागतात. मग कोणी म्हणतं, लेबल सरळ वाचता येईल असा बसवा, तर कोणी म्हणतं, गरम हवा वर जाते म्हणून पंखा वर हवा. या दोन्ही कारणांवरून निर्णय घेऊ नये. पाहायचं ते एवढंच की त्या पंख्याला हवा कुठून मिळणार आहे, ती किती गरम असेल आणि तिच्या वाटेत धूळ अडवणारी जाळी आहे का. दिशा यातूनच ठरते.

हा लेख सगळ्यात जास्त दिसणाऱ्या रचनेबद्दल आहे. टॉवर कॅबिनेट, तळाशी मागच्या कोपऱ्यात एटीएक्स मापाचा एसएमपीएस, बहुतेक वेळा त्यावर पत्र्याचं झाकण, ज्याला श्राउड म्हणतात. वर बसणाऱ्या एसएमपीएसबद्दल आणि छोट्या कॅबिनेटबद्दल शेवटाकडे थोडक्यात सांगतो.

हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर पडते

एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो. लांबी बहुतेक वेळा १४० मिमी किंवा त्याहून जास्त, मॉडेलनुसार. त्याच्या मोठ्या सपाट बाजूवर १२० ते १४० मिमीचा पंखा असतो आणि मागे, जिथे वायर लागते आणि बटण असतं, तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकांची जाळी असते. हा पंखा हवा आत ओढतो. ओढलेली हवा आतल्या ट्रान्सफॉर्मर, कॉइल आणि कपॅसिटरवरून जाते आणि मागच्या जाळीतून कॅबिनेटबाहेर पडते. तुम्ही एसएमपीएस कसाही फिरवा, हवा बाहेर पडण्याची जागा बदलत नाही, फक्त आत घेण्याची जागा बदलते.

पंखा खाली असेल तर एसएमपीएस तळातल्या जाळीतून थेट खोलीतली हवा घेतो आणि मागून सोडून देतो. कॅबिनेटमधल्या बाकी हवेशी त्याचा जवळजवळ संबंध राहत नाही. पंखा वर असेल तर तो कॅबिनेटमधली हवा घेतो, म्हणजे कॅबिनेटचा आणखी एक एक्झॉस्ट पंखा होतो. हा फरक फिल्टरच्या प्रश्नातही येणार आहे, म्हणून लक्षात असू द्या.

जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या कोपऱ्यात असायचा आणि त्याचा पंखा खाली, प्रोसेसरकडे तोंड करून. तिथे तो मुद्दामच एक्झॉस्टचं काम करायचा, कारण बऱ्याच कॅबिनेटमध्ये गरम हवा बाहेर काढायला दुसरं फारसं काही नसायचं. पुढे ग्राफिक्स कार्डं तापू लागली, मागे आणि वर वेगळे पंखे आले आणि एसएमपीएस तळाशी गेला. म्हणून ‘एसएमपीएसने कॅबिनेटची गरम हवा ओढलीच पाहिजे’ हा जुना नियम आज तसाच लावू नये.

तापमानाचा हिशोब

समजा ६५० वॅटचा, चांगल्या कार्यक्षमतेचा एसएमपीएस आहे आणि गेम चालू असताना आतले भाग मिळून ४५० वॅट ओढतात. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर भिंतीच्या सॉकेटमधून ५०० वॅट येतात आणि मधले ५० वॅट एसएमपीएसच्या आतच उष्णता होऊन राहतात. पंख्याने बाहेर काढायची ती एवढी उष्णता.

आता पंखा सेकंदाला १० लिटर हवा हलवतो असं धरू. एवढी हवा १ अंशाने तापवायला साधारण १२ वॅट लागतात. म्हणजे ५० वॅटमुळे हवा जेमतेम ४ अंशांनी तापते. खोलीत ३० अंश असतील आणि पंखा खाली, मोकळ्या जाळीवर असेल तर हवा ३० अंशाला आत जाऊन सुमारे ३४ अंशाला बाहेर पडेल. तोच पंखा वर असेल आणि ग्राफिक्स कार्डाखालची हवा ४२ अंश असेल तर ४२ ला आत आणि ४६ ला बाहेर. एसएमपीएसचे सगळे भाग त्याच १२ अंशांनी जास्त गरम राहतील.

हे १२ अंश धोक्याचे आहेत का? चांगल्या एसएमपीएससाठी नाहीत. उत्पादक पूर्ण लोडची हमी आत येणारी हवा ४० किंवा ५० अंशांपर्यंत असेल असं धरून देतात आणि हा आकडा लेबलवर किंवा माहितीपत्रकात असतो. ५० अंशाचा एसएमपीएस ४२ अंशाची हवा मुकाट्याने चालवून घेईल. ४० अंशाचा असेल तर मात्र तुम्ही हमीच्या बाहेर गेलात. शिवाय दोन गोष्टी होतातच. पंख्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो, म्हणून आवाज वाढतो. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दर १० अंशांना निम्मं होतं असा ठोकताळा आहे. त्यामुळे थंड हवा देता येत असेल तर ती द्यावी.

याच हिशोबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. पंखा खाली आहे, पण जाळी तुंबल्यामुळे हवा सेकंदाला १० ऐवजी ४ लिटरच येते आहे असं धरा. मग तीच ५० वॅट उष्णता हवेला १० अंशांनी तापवते आणि ३० ला आत गेलेली हवा ४० ला बाहेर पडते. आकडा अजूनही ४६ पेक्षा कमी दिसतो, पण तो फसवा आहे. आतल्या मॉस्फेटचं आणि ट्रान्सफॉर्मरचं स्वतःचं तापमान हवेच्या वेगावर अवलंबून असतं. हवा मंद झाली की भाग आणि हवा यांच्यातला फरकच वाढतो, आणि पंखा आणखी जोरात फिरून दमतो. म्हणून माझं मत असं आहे: मोकळ्या जाळीवर पंखा खाली हे सगळ्यात चांगलं, वर मोकळी जागा असेल तर पंखा वर हे चालण्यासारखं, आणि अडलेल्या जाळीवर पंखा खाली हे सगळ्यात वाईट. लोक पहिल्या आणि दुसऱ्यात वाद घालतात आणि तिसऱ्यात अडकतात.

पायांची उंची मोजा

तळाची जाळी मोकळी आहे की नाही हे डोळ्यांनी नाही, पट्टीने ठरवायचं. १४० मिमीच्या पंख्याची मधली गोल चकती सोडली तर हवा ओढणारं क्षेत्र साधारण १२० चौरस सेमी असतं. तळाची जाळी १५ बाय १५ सेमी आहे असं धरा, तिचा परीघ ६० सेमी. कॅबिनेट जमिनीपासून १ सेमी वर असेल तर हवेला चारही बाजूंनी मिळून ६० चौरस सेमीची वाट मिळते, पंख्याच्या निम्मी. २ सेमी असेल तर १२० चौरस सेमी, म्हणजे बरोबरी. म्हणून पायांची उंची किमान २ सेमी हवी, जास्त असेल तर उत्तम. मागची किंवा डावी-उजवी बाजू भिंतीला किंवा टेबलाच्या फळीला चिकटली असेल तर त्या बाजूची वाट हिशोबातून वजा करा.

गालिचा किंवा जाड चटई असेल तर हा सगळा हिशोब कोसळतो. पाय गालिच्यात रुततात, गालिच्याचे केस वर येतात आणि २ सेमीची फट अर्ध्यावर येते. त्यातच गालिच्याचे तंतू फिल्टरवर नमदा धरतात. अशा जागी एसएमपीएस उलटा करण्याआधी कॅबिनेटखाली एक सपाट, कडक फळी घाला. फळी कॅबिनेटपेक्षा सगळ्या बाजूंनी थोडी मोठी हवी, म्हणजे पाय फळीवर टेकतील आणि गालिचा तोंडाशी येणार नाही. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं आणि पंखा खालीच राहतो.

श्राउड असेल तर पंखा वर करण्याआधी

श्राउडखाली एसएमपीएस एका बंद पेटीतच असतो. श्राउडचा वरचा पत्रा एसएमपीएसच्या पंख्यावर कोरा असेल तर पंखा वर करणं म्हणजे त्याचं तोंड पत्र्याला लावणं. एसएमपीएस आणि पत्रा यांच्यात अनेकदा बोटभरही जागा नसते. अशा कॅबिनेटमध्ये पर्यायच उरत नाही, पंखा खालीच.

वरच्या पत्र्याला भोकं किंवा पट्ट्या असतील तर पंखा वर चालतो, पण ती भोकं पंख्याच्या वरच आहेत का ते पाहा. काही कॅबिनेटमध्ये भोकं पुढच्या बाजूला, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर असतात आणि एसएमपीएसवर कोरा पत्राच असतो. आणखी एक गोष्ट: ग्राफिक्स कार्डाचे पंखेही त्याच जागेतून, वरच्या दिशेने हवा घेतात. पंखा वर केला की एसएमपीएस तीच हवा खाली ओढू लागतो. समोरचे पंखे भरपूर हवा देत असतील तर दोघांनाही पुरते. समोर काच आणि बाजूला बारीक फटी असं कॅबिनेट असेल तर ग्राफिक्स कार्ड एक-दोन अंश जास्त तापलेलं दिसू शकतं.

पंखा वर ठेवला तर वरून स्क्रू पडण्याची भीती खरी आहे. मदरबोर्डचं काम करताना निसटलेला स्क्रू भोकातून पंख्यात आणि तिथून सर्किटवर जाऊ शकतो. पंखा वर असलेल्या कॅबिनेटमध्ये काम करताना श्राउडच्या भोकांवर कागद पसरावा आणि स्क्रू हरवला तर तो सापडेपर्यंत मशीन चालू करू नये. द्रव कूलिंगचं नळीकाम एसएमपीएसच्या वरून जात असेल तर पंखा खाली ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

पंखा थांबणारे एसएमपीएस

बरेच एसएमपीएस कमी लोडवर पंखा पूर्ण थांबवतात. अशा वेळी उष्णता फक्त वर जाणाऱ्या हवेने बाहेर पडते. पंखा खाली असला की सर्किट बोर्ड वर येतो, भाग खाली लोंबतात आणि गरम हवा बोर्डाखाली अडकते. पंखा वर असला की तीच हवा पंख्याच्या जाळीतून सहज वर निघते. म्हणूनच अजिबात पंखा नसलेल्या एसएमपीएसच्या माहितीपत्रकात जाळीची बाजू वर ठेवायला सांगतात. तिथे उत्पादकाचं ऐका.

पंखा थांबणाऱ्या प्रकारात मात्र यासाठी दिशा बदलायची गरज नाही. पंखा खाली असेल तर आतलं तापमान थोडं लवकर वाढेल आणि पंखा थोडा लवकर सुरू होईल, एवढंच. मागे पंखा थांबवण्याची सोय बंद करणारं बटण असेल तर ते दाबून पंखा सतत मंद फिरवत ठेवणं हा सोपा उपाय आहे. मंद फिरणाऱ्या मोठ्या पंख्याचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही.

फिल्टर नेमका कुठे

फिल्टरचं काम हवा आत येते तिथे आहे, बाहेर पडते तिथे नाही. एसएमपीएसच्या मागच्या भोकांच्या जाळीवर फिल्टर कधीही लावू नका. तिथे तो धूळ अडवत नाही, फक्त हवा अडवतो, आणि आतून आलेली धूळ त्यावर चिकटून वाट बंद होते.

पंखा खाली असेल तर फिल्टर कॅबिनेटच्या तळाच्या पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला, खाचांमध्ये सरकणारा असावा. असा फिल्टर एसएमपीएस न काढता बाहेर येतो. काही कॅबिनेटमध्ये तो मागून निघतो, काहींत पुढून किंवा बाजूने. मागून निघणारा असेल आणि मशीन भिंतीला लागून ठेवलेलं असेल तर महिनोन्महिने तो कोणी काढत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कॅबिनेट निवडायचं बाकी असेल तर पुढून निघणारा फिल्टर घ्या. घेऊन झालं असेल तर मागे फिल्टरच्या लांबीएवढी, साधारण २०-२५ सेमी मोकळी जागा सोडा किंवा मशीन सहज पुढे ओढता येईल असं ठेवा.

फिल्टर सरकवल्यावर त्याच्या चारही कडा पत्र्याला टेकलेल्या हव्यात. वाकलेल्या चौकटीच्या कडेला २-३ मिमीची फट राहिली तर हवा जाळीतून न जाता त्या फटीतून जाते, कारण तिला तिथे अडथळा कमी असतो. नवा फिल्टरही मग शोभेचा राहतो. एक खूण: काही आठवड्यांनी फिल्टर स्वच्छ दिसतो, पण एसएमपीएसच्या पंख्याच्या पात्यांवर धूळ आहे. याचा अर्थ हवा कडेने जाते आहे.

मूळ फिल्टर नसेल तर चुंबकीय चौकटीची बारीक जाळी तळाला बाहेरून लावता येते. पत्रा लोखंडी आहे का ते आधी पाहा, अ‍ॅल्युमिनियमला ती चिकटणार नाही. आणि चौकटीच्या जाडीने पायांची उंची किती कमी होते ते मोजा. फिल्टर थेट पंख्याच्या तारेच्या जाळीवर चिकटवू नका. पंख्यापासून थोडा दूर असला की त्याचं पूर्ण क्षेत्र वापरलं जातं, चिकटला की हवा फक्त पात्यांसमोरच्या पट्ट्यातून येते. शिवाय श्राउडच्या आत लावलेला फिल्टर स्वच्छ करायला सगळं सोडवावं लागतं. जाड स्पंज आणि कापडाची दुहेरी घडी यांनी धूळ छान अडते, पण एसएमपीएसचा पंखा एवढा दाब निर्माण करत नाही. सैल विणीची नायलॉन जाळीच बरी.

पंखा वर असेल तर एसएमपीएसचा फिल्टर म्हणजे कॅबिनेटच्या समोरचा फिल्टर, कारण हवा तिथूनच येते. आता एसएमपीएस एक्झॉस्टमध्ये मोजायचा. समोर दोन पंखे आत, मागे एक बाहेर अशी मांडणी असेल आणि एसएमपीएस वर तोंड करून बसला तर बाहेर जाणारी हवा वाढते. बाहेर जास्त आणि आत कमी झालं की कॅबिनेट उरलेली हवा प्रत्येक फटीतून, फिल्टरला वळसा घालून ओढतं. त्यातली एक मोठी फट तळाची जाळी असते, कारण एसएमपीएसचा तळ तिला पूर्ण झाकत नाही. म्हणून पंखा वर केला तरी तळाचा फिल्टर काढून टाकू नका, जागच्या जागी राहू द्या. आणि समोरचे पंखे थोडे वेगाने चालवा.

बसवण्याची पद्धत

मशीन बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण शून्याकडे करा, वायर काढा आणि मग पुढचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही कारणाने उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही शेकडो व्होल्ट राहू शकतात. इथलं सगळं काम पेटी बंद ठेवूनच होतं.

कॅबिनेट आडवं करा आणि फिल्टर काढून तळाच्या जाळीतून टॉर्च मारा. उजेड आत कुठे पडतो ते पाहा. एसएमपीएसच्या पंख्याची जागा आणि जाळीची जागा जुळायला हवी. लांब एसएमपीएसमध्ये पंखा मध्ये असतो आणि जाळी मागच्या टोकाला संपते असंही होतं. पाऊण भाग उघडा राहिला तरी चालेल, अर्धाच राहत असेल तर पंखा वर ठेवण्याचा विचार करा.

मग एसएमपीएस केबल न लावता आत ठेवून पाहा. चार स्क्रूंची भोकं सममित नसतात, त्यामुळे उलटी दिशा बसते ती कॅबिनेटवाल्याने जादा भोकं पाडली असतील तरच. चारही भोकं जुळत नसतील तर ती दिशा त्या कॅबिनेटसाठी नाही असं समजा. दोन स्क्रूंवर लोंबता एसएमपीएस ठेवू नका. तळाला रबरी पट्ट्या किंवा गाद्या असतील तर एसएमपीएस त्यांवर सपाट बसला पाहिजे आणि त्या पंख्याच्या तोंडावर येता कामा नयेत.

एसएमपीएस आत असतानाच फिल्टर एकदा पूर्ण सरकवून बाहेर काढून पाहा. तो अडकत असेल तर आत्ता कळलेलं बरं.

मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबल लावायचा एसएमपीएस असेल तर केबल आधी लावा, कारण श्राउडखाली नंतर हात जात नाही. दिशा उलटली की सॉकेटांची डावी-उजवी बाजू आणि वर-खाल बदलते. त्यामुळे प्रोसेसरची ८ पिनची केबल, जी मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाते, कधी कधी थोडक्यात तोकडी पडते. ती आधी ओढून पाहा. केबल फक्त त्याच एसएमपीएसबरोबर आलेल्या वापरा. दुसऱ्या एसएमपीएसच्या केबलचं टोक बसलं तरी आतल्या तारांची जोडणी वेगळी असू शकते आणि त्यात हार्ड डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत काहीही जळू शकतं.

चारही स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एसएमपीएसला जाड आट्यांचे स्क्रू लागतात. एसएसडीचे बारीक आट्यांचे स्क्रू इथे बसल्यासारखे वाटतात आणि आटे खराब करतात. शेवटी उरलेल्या केबल बांधा. पंखा वर असेल तर केबलचा गठ्ठा त्याच्यावर येऊ देऊ नका, आणि खाली असेल तर केबलचं मोकळं टोक एसएमपीएस आणि तळाच्या मध्ये सरकलेलं नाही हे बघा.

काम बरोबर झालं का, हे कसं ओळखायचं

मशीन उभं करून चालू करा आणि १ सेमी रुंद पातळ टिश्यू कागदाची पट्टी मागच्या जाळीसमोर धरा. ती बाहेर ढकलली गेली पाहिजे. तीच पट्टी तळाच्या फटीशी नेली तर आत ओढली गेली पाहिजे. पट्टी हललीच नाही तर घाबरू नका, पंखा थांबलेला असू शकतो. गेम किंवा ग्राफिक्सची चाचणी १५-२० मिनिटं चालवा आणि पुन्हा पाहा.

बहुतेक एसएमपीएस आपलं तापमान संगणकाला सांगत नाहीत, म्हणून कानावर आणि हातावर भिस्त ठेवावी लागते. सगळ्यात चांगली चाचणी फुकट आहे. लोड चालू असताना आणि पंख्याचा आवाज स्थिर झालेला असताना फिल्टर हळूच बाहेर काढा. मिनिटा-दोन मिनिटांत आवाज उतरला तर फिल्टर तुंबला आहे किंवा फार दाट आहे. आवाज तसाच राहिला तर मशीन बंद करून दोन्ही बाजूंना कडक ठोकळे ठेवून कॅबिनेट ३-४ सेमी उचला आणि तीच चाचणी तेवढाच वेळ पुन्हा चालवा. आता आवाज कमी असेल तर पायांची उंची कमी आहे. दोन्हींनी फरक पडला नाही तर हवेची वाट ठीक आहे आणि एसएमपीएस खरोखरच जास्त लोडवर आहे.

एक मशीन घेऊन हे पूर्ण पाहू. ६५० वॅटचा एसएमपीएस, पंखा खाली, १.५ सेमीचे पाय, जाड गालिचा, मागून निघणारा फिल्टर. तक्रार अशी की गेम सुरू केल्यावर तासाभरात मशीन अचानक बंद पडतं, निळा पडदाही येत नाही, आणि लगेच बटण दाबलं तर चालू होत नाही. विंडोजच्या Event Viewer मध्ये `Kernel-Power` 41 अशी नोंद सापडते. ती फक्त मशीन आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं एवढंच सांगते, कारण सांगत नाही. पण थोडा वेळ थांबून बटण दाबल्यावर मशीन सुरू होत असेल तर एसएमपीएसचं तापमानाचं संरक्षण लागल्याचा संशय घट्ट होतो. जास्त करंटमुळे संरक्षण लागलं असतं तर मागचं बटण बंद-चालू केल्यावर बहुधा लगेच सुरू झालं असतं.

इथे पहिला विचार ‘एसएमपीएस उलटा करू’ असाच येतो. तो मागे ठेवा. गालिच्यात रुतल्यावर १.५ सेमीच्या पायांची खरी फट ५-६ मिमी उरते, म्हणजे ३०-३५ चौरस सेमीची वाट, लागते त्याच्या पावभर. आधी फिल्टर काढून धुवा, खाली फळी घाला आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवा. मशीन टिकलं आणि पंखाही शांत झाला तर कारण सापडलं. १.५ सेमीच्या पायांनी फळीवरही वाट ९० चौरस सेमीच राहते, म्हणून पायांखाली ५-१० मिमीच्या रबरी चकत्या चिकटवणं फायद्याचं. फळीवर ठेवून, फिल्टर स्वच्छ करूनही मशीन बंद पडलं, तर दिशेचा प्रश्न संपला. आता लोडच्या मानाने एसएमपीएस अपुरा आहे, आतला पंखा फिरत नाही किंवा एसएमपीएसच खराब होतो आहे, या वाटेने शोध घ्या.

वरचा एसएमपीएस आणि छोटी कॅबिनेट

एसएमपीएस वर असेल आणि कॅबिनेटच्या छतावर त्याच्यासाठी जाळी नसेल तर पंखा खाली, कॅबिनेटकडे. छतावर जाळी असेल तर पंखा वर करता येतो, पण तिथे फिल्टर लावाच, कारण धूळ वरून थेट खाली बसते आणि मशीन बंद असतानाही आत जाते. छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस बाजूच्या पत्र्याला तोंड करून असतो. तिथेही पंखा जाळीच्या पत्र्याकडे हवा. काचेच्या बाजूला तोंड येत असेल तर काच आणि पंखा यांच्यातलं अंतर मोजल्याशिवाय बसवू नका.

फिल्टर धुणं

तळाचा फिल्टर समोरच्यापेक्षा लवकर भरतो, कारण तो जमिनीच्या सगळ्यात जवळ आहे. कडक फरशीवर महिन्यातून एकदा पाहणं पुरतं. गालिचा किंवा घरात केसाळ प्राणी असेल तर दर पंधरा दिवसांनी. फिल्टर उजेडासमोर धरा, जाळीतून उजेड नीट दिसत नसेल तर धुवायची वेळ झाली. धुताना पाणी स्वच्छ बाजूकडून, म्हणजे आतल्या बाजूकडून सोडा, म्हणजे धूळ आली तशीच परत निघते. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. पूर्ण वाळेपर्यंत तो परत घालू नका, ओल्या जाळीवर धुळीचा चिखल होतो. वाळेपर्यंत मशीन वापरायचं असेल तर ते काही तास फिल्टरशिवाय चालवलं तरी चालतं.

वर्षातून एकदा फिल्टर काढलेला असताना एसएमपीएसच्या पंख्यावरही हवेचा फवारा मारा. पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. फवारा मागच्या जाळीतून आत मारला तर धूळ पंख्याच्या बाजूने बाहेर पडते. पंखा वर असेल तर ती धूळ श्राउडमधून ग्राफिक्स कार्डाकडे उडेल, म्हणून हे काम एसएमपीएस बाहेर काढून मोकळ्या जागेत करावं.